गुलाबजामाचे मॅक्रो: पातेल्यात उरलेला पाक कुणाच्या नावावर टाकायचा?

ताई, मी सध्या मॅक्रो, म्हणजे प्रोटीन, फॅट आणि कार्ब, मोजून खाते. रविवारी घरी गुलाबजाम केले, २५० ग्रॅम खवा, ५० ग्रॅम मैदा, मळायला चमचाभर दूध, पाकाला ४०० ग्रॅम साखर आणि तेवढंच पाणी. वीस नग झाले. ऍपमध्ये रेसिपी टाकली तर एका गुलाबजामाला दीडशे कॅलरी आणि साडेचोवीस ग्रॅम कार्ब दाखवतंय! पण पाक तर अर्ध्याहून जास्त पातेल्यातच आहे. नवरा म्हणतो उरलेला पाक मोज आणि वजा कर, झालं. सासूबाई म्हणतात गोड खाताना कसला हिशोब करतेस. नक्की किती साखर धरू?
– पाकात अडकलेली, चिंचवड

अगं, आधी आकडा घे मग बाकीचं बोलू. तुझ्या मापाने केलेल्या एका गुलाबजामात पाकाची साखर साधारण पावणेसात ग्रॅम जाते, ऍप २० ग्रॅम धरतंय. म्हणजे नीट निथळून खाल्लास तर एक नग ९८ च्या आसपास कॅलरीचा, दीडशेचा नाही. ऍपचा यात दोष नाही, त्याला रेसिपीत जे जे लिहिशील ते सगळं पोटात गेलं असंच वाटतं, पातेलं त्याला दिसत नाही ना.

आता हे पावणेसात कुठून आले ते सांगते, कारण तुझा पाक माझ्यापेक्षा पातळ किंवा घट्ट असेल, गोळे लहानमोठे असतील, तर आकडा तुला तुझा काढता यायला हवा. मी तुझंच प्रमाण घेऊन घरी केले आणि प्रत्येक पायरीला वजन लिहून ठेवलं. लागतं काय तर एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा किचनमधला वजनकाटा आणि रिकाम्या पातेल्याचं वजन आधीच कागदावर. हे रिकामं पातेलं लोक हमखास विसरतात आणि मग पाक भरल्यावर डोकं धरून बसतात.

पाकाच्या आधीचा भाग पटकन उरकते. म्हशीच्या दुधाचा खवा धरला तर १०० ग्रॅमला ४२१ कॅलरी, १४.६ ग्रॅम प्रोटीन, ३१ ग्रॅम फॅट आणि २०.५ ग्रॅम कार्ब असा हिशोब आपल्याकडच्या पोषणाच्या तक्त्यांमध्ये असतो. मैद्याचे ३४८ कॅलरी आणि ७४ ग्रॅम कार्ब. तुझ्या मापाचा गोळा ३१० ग्रॅम भरतो आणि त्यात सगळं मिळून ४२ ग्रॅम प्रोटीन, ७९ ग्रॅम फॅट, ८९ ग्रॅम कार्ब, म्हणजे १२३७ कॅलरी. पाक बघायच्या आधीच एका नगाला ६२ झाल्या बघ.

मग तळण. इथे एक गंमत आहे, गोळे तळायच्या आधी ३१० ग्रॅम होते आणि तळून निघाले तेव्हा २९०. वजन कमी झालं म्हणून तेल प्यायलंच नाही असं नाही हं, पाणी वाफ होऊन गेलं आणि त्याच्या जागी थोडं तेल आलं, काट्याला फक्त बेरीज-वजाबाकी दिसते. त्यामुळे तेलाचा हिशोब गोळ्यांवरून लागतच नाही, तो तेलावरूनच लावायचा. तळायच्या आधी तेल (किंवा तूप) मोजून कढईत घालायचं, तळून झाल्यावर पूर्ण गार होऊ द्यायचं, परत मोजायचं, आणि टिशूला नि झाऱ्याला लागलेलं त्यातून सोडायचं. माझं २४ ग्रॅम कमी भरलं, त्यातलं चारेक ग्रॅम टिशूत, म्हणजे २० ग्रॅम गोळ्यांत, नगाला एक ग्रॅम. खव्याचं स्वतःचं तूपही तळताना थोडं कढईत उतरतं पण कढई आधी आणि नंतर मोजली की ती देवाणघेवाण आपोआप त्यात येते, वेगळं काही करायला नको.

आता तुझा मूळ मुद्दा, पाक. नवरा म्हणतो तसं उरलेला पाक मोजून वजा करायचा, बरोबर, पण कशातून वजा करायचा? बहुतेक जण ४०० साखर अधिक ४०० पाणी म्हणजे ८०० ग्रॅम पाक असं धरतात. पण पाक आपण उकळतो, बोटाला चिकट लागेपर्यंत, तेवढ्यात बरंच पाणी उडून जातं. माझा पाक गॅसवरून उतरवला तेव्हा ७०० ग्रॅम भरला, म्हणजे १०० ग्रॅम नुसती वाफ. साखर कुठे उडत नाही, ती ४०० ची ४००, म्हणून पाकात साखर आता निम्मी नाही, ४०० भागिले ७०० म्हणजे ५७ टक्के. हा आकडा लिहून ठेवायचा. आणि वजन गुलाबजाम सोडायच्या अगदी आधी घ्यायचं, दहा मिनिटं आधी घेऊन मग फोन आला म्हणून पाक परत मंद आचेवर ठेवलास तर ते वजन गेलं कामातून. गरम पातेलं काट्यावर थेट ठेवू नकोस हां, खाली लाकडी पाट किंवा जाड फडकं घालून मग शून्य कर, नाहीतर प्लॅस्टिकचा काटा वितळेल आणि रीडिंगही भरकटेल.

तळलेले गोळे पाकात टाकले, झाकण ठेवलं, रात्रभर मुरू दिले. सकाळी एकेक झाऱ्यावर काढून मिनिटभर निथळवले आणि मोजले, वीस नग ४९० ग्रॅम. २९० चे ४९०, म्हणजे २०० ग्रॅम वाढले. पातेल्यात उरलेला पाकही योगायोगाने ४९०. सगळं मिळून ९९० ग्रॅम आत गेलं होतं, बाहेर ९८० आलं, १० ग्रॅम झाकणावरच्या वाफेत नि इकडेतिकडे. एवढं चालतं. पंचवीस-तीस ग्रॅमच्या वर फरक आला तर मात्र कुठेतरी वजन चुकलंय असं समज.

इथून पुढे तीन जण तीन उत्तरं काढतील. एक म्हणेल गुलाबजाम २०० ग्रॅमने वाढले, पाक ५७ टक्के, म्हणजे ११४ ग्रॅम साखर. दुसरा, म्हणजे तुझा नवरा, म्हणेल ७०० तून ४९० गेले, २१० ग्रॅम पाक संपला, १२० ग्रॅम साखर. तिसरा उकळलेलं पाणी विसरून ८०० तून ४९० वजा करेल, ३१० ग्रॅम निम्म्या साखरेचा पाक, १५५ ग्रॅम साखर. तिघांनीही वजाबाकी बरोबर केली तरी तिघांचंही उत्तर जरा हुकतं.

पहिल्या दोघांचं का हुकतं ते नीट बघण्यासारखं आहे. ते धरून चालतात की गुलाबजामाने पाक जसाच्या तसा आत ओढला, जसं स्पंजने ओढावा. सुरुवातीला थोडं तसं होतंही, गोळ्यात सोड्याने आणि वाफेने झालेली बारीक भोकं असतात, गोळा निवायला लागला की आतली वाफ आक्रसते आणि पाक आत खेचला जातो. पण गोळ्यात स्वतःचं पाणीही असतंच, माझ्या वीस नगांत तळल्यानंतरही अंदाजे पन्नासेक ग्रॅम होतं, आणि रात्रभरात साखर आत सरकत राहते नि आतलं पाणी बाहेर पाकात येत राहतं, दोन्हीकडचा गोडवा सारखा होईपर्यंत. म्हणजे सकाळी उरलेला पाक रात्रीच्या पाकापेक्षा थोडा पातळ असतो, साखर त्यातून जास्त गेलेली असते आणि वर पाणी आलेलं असतं. नुसतं वजन बघितलं तर हे कळतच नाही, कारण एक ग्रॅम साखर आत गेली आणि एक ग्रॅम पाणी बाहेर आलं तर काटा जागचा हलत नाही.

म्हणून उरलेल्या पाकात साखर किती ते वेगळं तपासायचं. मिठाईवाल्यांकडे आणि कारखान्यांत यासाठी ब्रिक्स मोजायचं छोटं यंत्र असतं, दोन थेंब टाकले की टक्के दिसतात. घरी त्याची गरज नाही, स्टीलचा एक ग्लास पुरतो. ग्लास काट्यावर ठेवून शून्य कर, काठोकाठ पाणी भर, वजन लिही. मग ग्लास पुसून कोरडा कर, तोच ग्लास काठोकाठ उरलेल्या पाकाने भर, वजन लिही. पाकाचं वजन भागिले पाण्याचं वजन. १.२० आलं तर पाकात ४५ टक्के साखर, १.२३ ला ५० टक्के, १.२६ ला ५५ आणि १.२९ ला ६०, मधलं आलं तर अंदाजाने मधलं धर. पाक मात्र घरातल्या हवेइतका गार झालेला हवा, गरम पाक फुगलेला असतो म्हणून हलका भरतो. वर तुपाचा तवंग असेल तर चमच्याने काढून टाक, बुडबुडे बसू दे, वेलचीची सालं गाळून घे.

माझ्या ग्लासात पाणी २०० ग्रॅम मावलं आणि पाक २५० ग्रॅम. भागाकार १.२५, म्हणजे साधारण ५४ टक्के. रात्री ५७ होता, सकाळी ५४, बघ, पाणी आलंच की नाही त्यात. आता ४९० ग्रॅम पाकात ५४ टक्क्याने २६५ ग्रॅम साखर शिल्लक आहे. टाकली होती ४००, म्हणजे १३५ ग्रॅम गुलाबजामांत गेली. वीसने भाग, पावणेसात. टाकलेल्या साखरेचा जेमतेम तिसरा हिस्सा पोटात जाणार आणि दोन हिस्से पातेल्यात.

या पद्धतीचा मला आवडणारा भाग म्हणजे खव्यातली दुधाची साखर थोडी पाकात उतरते त्याचीही काळजी करावी लागत नाही, ती उरलेल्या पाकात मोजली गेली म्हणजे गुलाबजामातून तेवढी वजाच झाली, कार्बचा एकूण हिशोब जागेवर राहतो. पाकात लिंबू पिळलं असेल तर त्यानेही कॅलरीत सांगण्यासारखा फरक पडत नाही.

तर पूर्ण बेरीज अशी. वीस नगांत फॅट ७९ अधिक तळणाचे २०, म्हणजे ९९. कार्ब ८९ अधिक पाकाचे १३५, म्हणजे २२४. प्रोटीन ४२. एका नगाला ५ ग्रॅम फॅट, ११.२ ग्रॅम कार्ब, २.१ ग्रॅम प्रोटीन, ९८ कॅलरी. आणि यात एक गोष्ट बघ जी मॅक्रो मोजणारे बरेच जण बघत नाहीत, सगळे पाकाला घाबरतात पण ९८ पैकी पाकाच्या कॅलरी २७ आणि फॅटच्या ४५! जास्त कॅलरी खव्याच्या तुपाच्या आहेत. गाईच्या दुधाचा खवा मिळाला तर फॅट २६ टक्क्यांच्या आसपास असतं, नगामागे फॅटच्या सहा कॅलरी तिथेच कमी होतात आणि प्रोटीनही थोडं वाढतं, फक्त प्रोटीन आणि कार्ब वाढल्यामुळे एकूण कॅलरी जेमतेम एखादीच वाचते. साखर कमी करायच्या नादात पाक पातळ करण्यापेक्षा हे बरं, कारण पातळ पाकात गुलाबजाम फुगून लगदा होतात आणि जास्त पाक पितात, म्हणजे वजन वाढतं, चव जाते आणि साखर म्हणावी तेवढी कमी होत नाही. उलट पाक तार येईपर्यंत घट्ट केला तर आत जातच नाही, उलटं गोळ्यातलं पाणी बाहेर ओढून घेतो नि गोळे सुरकुततात, मध्ये कोरडी गाठ राहते. कापून बघ, मधोमध पांढरट कोरडा ठिपका दिसला तर पाक मुरलेला नाही आणि माझा आकडा तुझ्या त्या बॅचला लावू नकोस.

आता खरं सांगू का, नवऱ्याचं ऐकून १२० ग्रॅम धरलेस तरी एका नगाला तीन कॅलरींचाच फरक पडतो. पाक उकळल्यावर एकदा मोज, सकाळी उरलेला एकदा मोज, एवढं पुरे आहे घरच्याला, आणि ग्लासची कसरत एकदाच कर म्हणजे तुझा हात किती घट्ट पाक करतो ते कळेल. जिथे खरा घोटाळा होतो ती जागा दुसरीच आहे, आणि ती तुझ्या ऍपमध्ये कुठेच नाही, ती म्हणजे वाटी.

आपल्याकडे गुलाबजाम कोरडा कुणी वाढतं का? वाटीत दोन गुलाबजाम आणि वर डावभर पाक, तो पाहुणचाराचा भाग आहे. पण पोह्याचा एक मोठा चमचा, १५ मिलीचा, या पाकाने भरला की त्यात १९ ग्रॅम पाक आणि १० ग्रॅम साखर असते. एक चमचा पाक म्हणजे ४० कॅलरी, आख्ख्या गुलाबजामात मुरलेल्या साखरेपेक्षा जास्त! आणि वाढताना तीन चमचे सहज पडतात, शेवटी वाटी तोंडाला लावायची सवय असेल तर १२० कॅलरी नुसत्या पाकाच्या, एका गुलाबजामाहून जास्त. तू दशांशात मोजत बसशील आणि सासूबाई प्रेमाने डाव उपडा करतील. म्हणून मी तुला सांगेन की मोजायचा असेल तर वाटीतला पाक मोज. झाऱ्याने काढ, मिनिटभर निथळू दे, वाटीत ठेव, आणि वरून पाक हवाच असेल तर चमच्याने घाल, म्हणजे किती घातला ते तुला माहीत राहील.

निथळण्याचं पण एक प्रमाण ठेव. काढल्या काढल्या मोजलास तर बाहेर चिकटलेला पाकही वजनात येतो. मिनिटभर की पाच मिनिटं याने फार बिघडत नाही पण खाताना जेवढं निथळवतेस तेवढंच मोजताना निथळव. आणि हिशोब नगावर नको, ग्रॅमवर ठेव, कारण वीसच्या वीस गोळे सारखे कुणाचेच होत नाहीत, वर तरंगणारा एक बाजूने कमी मुरतो, तळाशी बसलेला जास्त. तुझ्या ऍपमध्ये रेसिपीला तयार पदार्थाचं वजन टाकायची सोय असेल तर तिथे ४९० ग्रॅम टाक, साखरेच्या रकान्यात ४०० च्या जागी १३५, तेल २० ग्रॅम, खवा-मैदा-दूध आहे तसं. मग जो खाशील तो काट्यावर ठेव, १०० ग्रॅमला ४०० कॅलरी अशा हिशोबाने बरोबर पडेल. आमचा एक नग साडेचोवीस ग्रॅमचा होता, लग्नातला मोठा असतो त्याला दोन नग समजलीस तरी चालेल.

गरम गरम, तासाभरात खाल्लेस तर साखर थोडी कमी गेलेली असते, पण तो कमी आकडा सकाळच्या गुलाबजामांना लावू नकोस. पाकिटातलं तयार पीठ वापरलंस तर वरचा खव्या-मैद्याचा हिशोब बाद, पाकिटावरचे आकडे घे, फक्त ते कोरड्या पिठाचे आहेत की तयार गुलाबजामाचे ते रकान्याच्या वर वाचून घे. कोरड्याचे असतील तर तेल आणि पाक वर सांगितलं तसं मोजून त्यात मिळव, तयार गुलाबजामाचे असतील तर त्यांनी पाक किती धरलाय हे कळत नाही, मी त्या भानगडीत न पडता कोरड्यावरूनच काढते. घरात कुणाला डायबिटीस असेल तर त्यांना मात्र हा हिशोब परवानगीपत्र म्हणून दाखवू नकोस, ११ ग्रॅम कार्ब हे ११ ग्रॅमच, आणि किती चालेल ते त्यांच्या डॉक्टरांनी सांगायचं.

राहिला तो २६५ ग्रॅम साखरेचा उरलेला पाक. तो फेकू नकोस, गाळून फ्रीजमध्ये ठेव, शिऱ्यात साखरेऐवजी घाल किंवा शंकरपाळ्यांचं पीठ त्यात भिजव. त्या वेळी १०० ग्रॅम पाक म्हणजे ५४ ग्रॅम साखर आणि ४६ ग्रॅम पाणी असं धर, पाण्याचं माप तेवढ्याने कमी कर, आणि ऍपमध्ये ती साखर शिऱ्याच्या नावावर टाक.